कुत्रा घर का खातो? वयात येणाऱ्या कुत्र्याचं कुरतडणं आणि उकरणं

मागच्या व्याख्यानात आपण पिल्लाचे पहिले चार महिने पाहिले होते. त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून अधिक एकाच धर्तीचे होते : पिल्लू लहान असताना फार गुणी होतं, आता आठ-दहा महिन्यांचं झालं आणि सोफा फाडतं, चपला खातं, कुंड्या उकरतं. काहींनी तर विचारलं होतं की, याला आता कुणाच्या तरी शेतावर पाठवावं का? हा प्रश्न गमतीत विचारलेला नसतो. घरातून कुत्री बाहेर काढली जातात, साखळीला कायमची बांधली जातात, ती फार करून याच वयात. म्हणून आजचा सगळा वेळ आपण या एका गोष्टीला देणार आहोत.

आधी वयाबद्दल थोडं. कुत्र्याचे दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दात आलेले असतात. त्यामुळे दहा महिन्यांचा कुत्रा कुरतडतोय म्हटल्यावर ‘दात येत असतील’ हे उत्तर चालत नाही. दात आलेले आहेत, जबडा मजबूत झालाय, आणि त्या जबड्याला काम हवंय. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा, मोठ्या जातींत दोन वर्षांपर्यंतचा काळ म्हणजे कुत्र्याचं किशोरवय. शरीर जवळजवळ पूर्ण वाढलेलं असतं, पण स्वतःला आवरण्याची शक्ती अजून यायची असते. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० साली एक छान निरीक्षण प्रसिद्ध केलं. पाच महिन्यांची आणि आठ महिन्यांची कुत्री त्यांनी तपासली. आठ महिन्यांची कुत्री ‘बस’ ही आज्ञा आपल्या माणसाची कमी ऐकत होती. तीच आज्ञा परक्या माणसाने दिली तर मात्र ऐकत होती! ज्यांच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचं मूल आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहू. आमच्याकडे नाशिकचं एक कुटुंब आलं होतं. कुत्रा लॅब्रॅडॉर, नर, दहा महिन्यांचा, वजन २८ किलो. त्याला आपण ब्रुनो म्हणू. घर रो-हाऊस, मागे बारा बाय पंधरा फुटांची परसबाग. आई-वडील दोघंही नोकरीला, मुलगी आठवीत, आणि आजी दिवसभर घरी. तक्रारींची यादी अशी : सोफ्याचा एक कोपरा फोमपर्यंत खाल्ला, मधल्या दाराच्या चौकटीचा खालचा भाग कुरतडला, आजींच्या तीन चपला गेल्या, आणि बागेत जिकडेतिकडे खड्डे. आजींनी लावलेला मोगरा तर त्याने दोनदा मुळासकट उपटला होता. वडिलांचं म्हणणं, ‘याला व्यायाम कमी पडतोय.’ म्हणून ते रोज संध्याकाळी अर्धा तास मैदानावर चेंडू फेकायचे आणि रविवारी सायकलबरोबर पळवायचे. तरी उपद्रव थांबेना. उलट वाढतच चालला होता.

आम्ही त्यांना लगेच कुठलाही उपाय सांगितला नाही. एक आठवडा फक्त नोंद ठेवायला सांगितली. काय तोडलं, कुठे, किती वाजता, आणि त्याआधीचा तासभर काय चाललं होतं. जुना मोबाइल कपाटावर ठेवून चित्रीकरण करायलाही सांगितलं. हे तुम्हीही करा, कारण नासधूस दिसायला सारखी असली तरी तिची मुळं वेगवेगळी असतात.

ब्रुनोच्या नोंदीत काय दिसलं? सकाळी नऊला मंडळी बाहेर पडली की तो जांभई देऊन झोपायचा. साडेअकराला उठायचा. आजी स्वयंपाक उरकून टीव्हीसमोर बसलेल्या असायच्या. तो आधी एक खेळणं नेऊन त्यांच्या पायाशी टाकायचा, मग चपलेकडे वळायचा, मग सोफ्याकडे. दुसरी वेळ संध्याकाळी पाच ते सहा, मुलगी क्लासला गेल्यावर. तेव्हा बाग. म्हणजे दिवसातले मोजून दोन तास! कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतोच. प्रश्न उरलेल्या तासांचा असतो, आणि त्यातही एक-दोन ठरावीक तासांचा.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. माणसं गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच धिंगाणा सुरू होत असेल, कुत्रा विव्हळत असेल, लाळ गळत असेल, येरझारा घालत असेल, आणि नासधूस दार-खिडक्यांच्या आसपासच होत असेल, तर तो कंटाळा नव्हे. ती एकटं राहण्याची भीती आहे. तिचा उपचार निराळा आणि सावकाश करायचा असतो, बऱ्याचदा पशुवैद्याच्या मदतीने. आज आपण जे सांगणार आहोत ते त्या कुत्र्याला पुरणार नाही. ब्रुनो मात्र नऊ ते साडेअकरा घोरत होता. घाबरलेला कुत्रा घोरत नाही.

आता बागेतले खड्डे. सगळे खड्डे एकाच कारणाचे असतील असं आपण गृहीत धरतो, पण जरा वाकून बघितलं तर ते वाचता येतात. ब्रुनोच्या बागेत तीन प्रकार होते. पहिला, नळाशेजारी, भिंतीच्या सावलीत : उथळ, पसरट, त्याच्या अंगाच्या मापाचा. हा खणण्याचा खड्डा नव्हेच, हे अंथरूण आहे. एप्रिल महिना होता. वरची तापलेली माती बाजूला करून तो खालच्या गार मातीवर पोट टेकून पडत होता. दुसरा प्रकार कंपाउंडच्या भिंतीलगत : अरुंद, एका रेषेत पुढे सरकत गेलेला, आणि तिथे नाक खुपसून फुसफुसल्याच्या खुणा. तिथे घुशीचं बीळ निघालं. तिसरा मोगऱ्याच्या वाफ्यात : खोल, माती चहूकडे उडवलेली. आजींना विचारलं, ‘खत कुठलं घालता?’ तर बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा. भुसभुशीत माती आणि वर हाडाचा वास. कुत्र्याला याहून उघड आमंत्रण कुठलं द्यायचं?

म्हणजे तीनपैकी एकही खड्डा चिडून, सूड म्हणून किंवा मुद्दाम खणलेला नव्हता. ‘पण त्याला कळतं हो, आम्ही आलो की मान खाली घालतो,’ असं पुष्कळ जण म्हणतात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तो अपराधी चेहरा कुत्र्याने खरंच काही केलंय का यावर ठरत नव्हता; मालक रागावला का यावर ठरत होता. काहीच न केलेल्या कुत्र्याला रागावलं तरी तो तसाच चेहरा करायचा. तेव्हा दोन तासांपूर्वी फाटलेल्या उशीपाशी नेऊन, नाक दाबून ओरडलं, तर कुत्रा एवढंच शिकतो की ही माणसं घरी आली की भीतिदायक वागतात.

मग व्यायामाचं काय? अर्धा तास चेंडूमागे धावणारा कुत्रा दमायला हवा की नको? दमतो. पण चेंडू फेकण्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होते : वेगाने धाव, उडी, ब्रेक. त्याने अंग दमतं, डोकं मात्र चेतून राहतं. घरी आल्यावर तो धापा टाकत येरझारा घालतो, आणि महिन्याभरात त्याचा दम इतका वाढतो की अर्धा तास पुरेनासा होतो. आपण खेळाडू तयार करत असतो. शिवाय लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातीची हाडं वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात. त्या वयात डांबरी रस्त्यावर सायकलीच्या वेगाने पळवणं सांध्यांना सोसत नाही.

कुत्र्याची तीन स्वाभाविक कामं आहेत : हुंगणं, चावणं आणि उकरणं. त्यांना घरात हक्काची जागा नसेल तर ती सोफ्यावर आणि मोगऱ्यात होतात. म्हणून ब्रुनोचा दिवस आम्ही या तीन कामांभोवती पुन्हा बसवला.

सकाळचं फिरणं चाळीस मिनिटांचं ठेवलं, पण चार फुटी पट्टा काढून दहा फुटी घेतला. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घातला. आणि वडिलांना एकच सूचना : तो थांबला की तुम्हीही थांबायचं. एका खांबाशी दोन मिनिटं हुंगत उभा राहिला तर राहू द्या. अंतर निम्म्यावर आलं, पण घरी आल्यावर तो पाणी पिऊन सरळ आडवा व्हायला लागला. संध्याकाळचा चेंडू बंद केला नाही; पाच-सहा फेकींवर आणला, आणि तोही जमिनीलगत, उडी मारावी लागणार नाही असा.

चावण्यासाठी साडेअकराच्या अगोदरची वेळ पकडली. सव्वाअकराला, म्हणजे तो उठून चपला शोधायच्या आधी, आजी त्याला जाड रबराचं पोकळ खेळणं देऊ लागल्या. आदल्या रात्री त्यात त्याच्याच रोजच्या खाण्यातली मूठभर गोळी पाण्यात भिजवून भरायची, वर थोडा भात, दोन चमचे दही, आणि फ्रीजरमध्ये ठेवायचं. गोठलेलं ते चाटून-चावून संपवायला त्याला पस्तीस-चाळीस मिनिटं लागायची. रोजच्या वाट्यातूनच तेवढं कमी करायचं, नाहीतर लॅब्रॅडॉर बघता बघता फुगतो. भरताना एक पथ्य : कालची उरलेली भाजी किंवा आमटी नको, कारण आपल्या फोडणीत कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तपेशी नासवतो. मनुका, द्राक्षं, चॉकलेट तर नकोच. पीनट बटर घालायचं असेल तर डब्यावरचं वाचा. झायलिटॉल नावाचं गोडवण असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

चावायला काय द्यावं याची एक सोपी कसोटी सांगतो. वस्तूवर अंगठ्याचं नख जोरात दाबा. जराशी खूण उमटली तर ठीक. अजिबात उमटली नाही तर ती दातापेक्षा कठीण ठरू शकते. शिंगं, गुरांची नळीची हाडं, याक-गाईच्या दुधाचे फार टणक तुकडे यांवर वरची मोठी दाढ फुटते, आणि ती भूल देऊन काढावी लागते. शिजवलेलं हाड वेगळ्या कारणाने धोक्याचं : ते टोकदार कपचे होऊन फुटतं आणि आतड्यात रुततं. नारळाची शेंडी पुष्कळ घरांत कौतुकाने दिली जाते. तिचे काथे गिळले की पोटात गोळा होतो. गाजर चालतं, थंडगार करून दिलं तर उत्तमच. आणि फाटकी चप्पल ‘तुझी’ म्हणून देऊ नका. जुनी चप्पल आणि परवा आणलेली चप्पल यातला फरक त्याने कसा ओळखायचा?

आता उकरणं. हे बंद करायचं नाही, त्याची जागा बदलायची. बागेच्या सावलीतल्या कोपऱ्यात चार बाय तीन फुटांचा, फूटभर खोल चौकोन आखला. कडेला विटा आडव्या लावल्या. निघालेल्या मातीतली निम्मी परत टाकली आणि पाच गोण्या वाळू तिच्यात मिसळली. नुसती माती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वीट होते. वाळूने ती भुसभुशीत राहते. विटांची कड महत्त्वाची, कारण ‘इथे हो, तिथे नाही’ ही हद्द कुत्र्याला पायाखाली जाणवली पाहिजे.

पहिल्या दिवशी मुलीने त्याच्यासमोर दोन खेळणी अर्धी बाहेर राहतील अशी पुरली. त्याने ती काढली, शाबासकी मिळवली. दोन-तीन दिवसांनी पूर्ण पुरली, पण वरवर. पुढच्या आठवड्यात वीतभर खोल, आणि तो बघत नसताना. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. नुसता खड्डा करून ठेवतात आणि म्हणतात, तो तिथे जातच नाही. का जावं? मोगऱ्यात हाडाचा वास आहे, इथे काय आहे? नव्या जागेत जुन्या जागेपेक्षा जास्त सापडलं पाहिजे, निदान पहिले तीन आठवडे. संध्याकाळी पाचला, म्हणजे त्याच्या उपद्रवाच्या वेळेलाच, हा खेळ ठेवला. दुसरीकडे उकरताना दिसला तर ओरडायचं नाही. आनंदी आवाजात हाक मारून वाळूकडे न्यायचं आणि तिथे दोन वेळा पंजा मारला की खाऊ.

त्याच वेळी जुन्या जागा फिक्या केल्या. मोगऱ्याचं बोनमील बंद करून शेणखत घातलं, आणि वाफ्यावर कोंबडीची जाळी आडवी अंथरून वर दोन इंच माती टाकली. जाळीच्या कडा खाली वळवायच्या, म्हणजे पंजाला तारा टोचत नाहीत. नळाजवळच्या अंथरुणाशी मात्र भांडण केलं नाही. उलट तिथे ओलं गोणपाट टाकलं आणि दुपारी तो आत पंख्याखाली राहील अशी सोय केली. घुशीचं बीळ दगड आणि जाड जाळी घालून बुजवलं. वडिलांनी विषाच्या गोळ्या आणल्या होत्या, त्या परत करायला लावल्या. उंदीर-घुशीचं औषध कुत्र्याने खाल्लं, किंवा ते खाऊन मेलेली घूस खाल्ली, तर अनेकदा दोन-चार दिवस काहीच दिसत नाही आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. घुशीच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसही होतो, तेव्हा लस दिलेली आहे ना ते बघून घ्या.

तिसऱ्या आठवड्याअखेर चित्र असं होतं : सोफ्याला नव्याने दात लागले नव्हते. बागेतले वावगे खड्डे रोजचे होते ते आठवड्याला एक-दोनवर आले. चपला वाचल्या, पण त्या कपाटात ठेवायला लागल्या म्हणून, हेही सांगायला हवं. या वयात मोहाची वस्तू नजरेआड ठेवणं हा निम्मा इलाज असतो. मग जूनमध्ये घरात लग्न निघालं. दोन दिवस पाहुण्यांची गर्दी, ब्रुनो गच्चीच्या खोलीत बंद, रबरी खेळणं कुणी भरलं नाही. त्याने तिथल्या चौरंगाचा एक पाय खाल्ला. आईंचा हताश फोन आला, ‘पुन्हा सुरू झालं.’ पुन्हा सुरू झालं नव्हतं. ते कुठे गेलंच नव्हतं. कामाची सोय काढली की काम दुसरीकडे होतं. वेळापत्रक परत बसलं तसं चार दिवसांत ते थांबलं. पावसाळ्यात वाळूच्या चौकोनावर ताडपत्री टाकली. असं दीड-दोन वर्षांच्या वयापर्यंत चालवावं लागतं. त्यानंतर गरज हळूहळू कमी होते, पण संपत नाही.

आता दोन प्रश्न घेऊ.

श्रोत्यांमधून : आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. बाग नाही. उकरण्याचं काय करायचं?

एक मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या, स्टेपल आणि चिकटपट्ट्या काढून टाका, आत चुरगळलेले कागद आणि त्यांच्यात वीस-पंचवीस गोळ्या. किंवा जुनी गोधडी सैल गुंडाळून घड्यांमध्ये खाऊ लपवा. उकरण्याची हालचाल तीच होते. कचरा दोन मिनिटांत गोळा करता येतो. मात्र पहिले काही दिवस समोर बसा. कागद फाडणारा कुत्रा चालतो, कागद गिळणारा नाही. गिळत असेल तर खोका बंद, गोधडीच ठेवा, आणि तीही फाडून गिळू लागला तर खाऊ गालिच्यावर विखरून हुंगायला लावा.

श्रोत्यांमधून : आमचा नऊ महिन्यांचा आहे, मोजे पळवतो. मागे लागलो की चक्क गिळून टाकतो.

मागे लागता म्हणूनच गिळतो. पाठलाग हा त्याच्यासाठी खेळ, आणि वस्तू हिसकली जाणार असं दिसलं की ती पोटात टाकणं हा त्याचा बचाव. त्याच्याकडे न धावता उलट दिशेने स्वयंपाकघरात जा, डब्याचा आवाज करा, आणि मोज्याच्या बदल्यात चिकनचा तुकडा द्या. हा व्यवहार आधी खेळण्यांवर करा, रोज पाच-सहा वेळा : खेळणं तोंडात, ‘सोड’, खाऊ, आणि खेळणं परत. परत मिळतं हे कळलं की सोडणं सोपं जातं. पण मोजा गिळलाच असेल तर वाट बघत बसू नका, लगेच पशुवैद्याला फोन करा. थोड्याच वेळात गेलात तर त्यांना तो उलटीवाटे काढता येण्याची शक्यता असते. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. नंतरच्या दिवसांत वारंवार उलटी, खाणं बंद, शी होत नाही, पोटाला हात लावू देत नाही, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आतडं अडलेलं असू शकतं. आणि शीच्या जागी दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, कापूही नका. त्याचं दुसरं टोक आत कुठे अडकलंय ते आपल्याला दिसत नसतं, आणि ओढलेला दोरा आतडं चिरतो.